कपाशीचे पाकीट आणि चहाची पुडी: ग्राहक खरेदीचा निर्णय कसा घेतो

चोपडा तालुक्यात माझ्या मामांचे कृषी सेवा केंद्र आहे आणि गेली काही वर्षे मे-जून महिन्यांत मी त्यांच्या गल्ल्याजवळ बसून हिशेबात मदत करतो. एरवी मी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ग्राहकाचे वर्तन हा विषय शिकवतो. पाठ्यपुस्तकांत या विषयाची उदाहरणे बहुधा मोटार, कपड्यांचे धुलाई यंत्र किंवा टूथपेस्ट यांची असतात. आपल्या भागातल्या वाचकाला हा विषय खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा असेल, तर कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही, कारण ही खरेदी वरवर पाहता दरवर्षीची, सवयीची वाटते आणि जवळून पाहिली की ती सवयीची मुळीच नसते.

आमच्या दुकानात येणारे एक शेतकरी आहेत, त्यांना या लेखापुरते आप्पा म्हणू. गेल्या जूनमध्ये ते बाजाराच्या दिवशी सकाळी आले, तेव्हा हातातल्या पिशवीत किराणा होता: चहाची पुडी, मीठ, काडेपेटी, अंगाचा साबण. किराणा दुकानात त्यांनी पाच मिनिटेही घालवली नव्हती. आमच्याकडे मात्र त्यांनी मागितलेल्या वाणाचे पाकीट हातात घेतले, उलटे करून त्यावरचा लॉट नंबर आणि चाचणीची तारीख वाचली, दुसऱ्या वाणाचे पाकीट शेजारी ठेवले आणि मामांना विचारले, ‘‘भाऊ, हाई वाण गये साल कोनी लायेल व्हतं?’’ त्यानंतर अर्धा तास बोलणे चालले. माणूस एकच, सकाळही एकच, आणि तरी या दोन खरेद्यांमध्ये मनाने केलेले काम पूर्णपणे वेगळे होते. हा फरक कशामुळे पडतो, हे समजले की या विषयाचा बराचसा गाभा हाती येतो.

पाच टप्पे आणि त्यांची खरी जागा

माणूस एखादी अडचण कशी सोडवतो याचे टप्प्याटप्प्याचे वर्णन अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० साली केले होते. पुढे १९६८ साली एंजेल, कोलॅट आणि ब्लॅकवेल या तिघा अभ्यासकांनी त्याच धर्तीवर ग्राहकाच्या निर्णयाचा आराखडा मांडला आणि आज सर्वत्र शिकवले जाणारे पाच टप्पे त्यातूनच रुळले. गरजेची जाणीव होणे, माहिती शोधणे, पर्यायांची तुलना करणे, प्रत्यक्ष खरेदी करणे आणि खरेदीनंतर वस्तूबद्दल मत बनवणे, असा हा क्रम आहे. क्रम सोपा आहे. हे टप्पे प्रत्यक्षात कधी आणि कुठे घडतात, हे ओळखणे मात्र तितके सोपे नाही, आणि दुकानदार व कंपन्या यांची चूक बहुधा तिथेच होते.

पहिला टप्पा घ्या. संकरित कपाशीचे बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येत नाही, कारण पुढच्या पिढीत संकराचे गुण एकसारखे टिकत नाहीत. त्यामुळे बियाणे दरवर्षी विकत घ्यावेच लागते. म्हणजे ‘बियाणे हवे’ ही जाणीव दिनदर्शिकाच करून देते, तिला खऱ्या अर्थाने गरजेची जाणीव म्हणता येत नाही. खरी जाणीव ही की, गेल्या वर्षीचेच वाण पुन्हा लावायचे की बदलायचे. अभ्यासकांच्या भाषेत, आपण जिथे आहोत ती स्थिती आणि जिथे असायला हवे ती स्थिती यांतले अंतर जाणवले की गरज जागी होते. हे अंतर दोन बाजूंनी वाढू शकते. आप्पांच्या शेतात गेल्या वर्षी पाने लाल पडून झाडे लवकर थकली, म्हणजे त्यांची स्वतःची स्थिती खाली आली. त्याच वेळी शेजारच्या शिवारात मोठ्या बोंडांची कपाशी उभी होती, म्हणजे काय मिळू शकते याची अपेक्षा वर गेली. ज्या शेतकऱ्याला यांपैकी काहीच जाणवत नाही, तो पुढचे दोन टप्पे गाळून सरळ मागच्या वर्षीचे रिकामे पाकीट घेऊन दुकानात येतो आणि ‘हेच द्या’ म्हणतो. टप्पे गाळले जाणे हा आराखड्यातला अपवाद नाही, बहुतेक खरेद्या तशाच होतात.

दुसरा टप्पा माहिती शोधण्याचा. हा टप्पा समजून घेताना मी स्वतः बरीच वर्षे चुकत होतो. मला वाटायचे की शेतकरी मे महिन्यात दुकानात चौकशी करतो, तेव्हा तो माहिती शोधत असतो. प्रत्यक्षात आप्पांचा शोध ऑक्टोबरमध्येच सुरू झालेला होता. बोंडे फुटू लागली की आपल्याकडे माणूस दुसऱ्याच्या बांधावर थांबतो, एक बोंड हातात घेऊन त्याचे वजन अजमावतो, पाकळ्या किती उघडल्या आहेत आणि कापूस सहज निघतो की ओढावा लागतो हे पाहतो आणि मग वाणाचे नाव विचारतो. वेचणीची मजुरी किलोवर द्यावी लागते. बोंड लहान असेल किंवा कापूस चिकटून राहत असेल, तर मजूर त्या शेतात यायला कां-कू करतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर आखाजीला लेकी माहेरी येतात, जावई येतात, पाहुणे येतात आणि एका तालुक्यातल्या वाणाची बातमी दुसऱ्या तालुक्यात पोहोचते. अक्षय्य तृतीया एप्रिल-मे महिन्यांत येते, म्हणजे पेरणीच्या महिना-दीड महिना आधी. दुकानाच्या भिंतीवर कंपनीचा फलक लागतो, तोवर आप्पांच्या मनातली यादी जवळजवळ पक्की झालेली असते.

या यादीविषयी थोडे सांगायला हवे. बाजारात असलेल्या वाणांची संख्या फार मोठी आहे. त्यांतली आप्पांना नावाने माहीत असलेली वीसएक असतील. प्रत्यक्ष निवड करताना मात्र ते तीन किंवा चार नावांपलीकडे जात नाहीत. ग्राहक ज्यांचा खरोखर विचार करतो असा हा लहान संच असतो, आणि एखादे उत्पादन या संचातच नसेल तर त्याचा दर्जा कितीही चांगला असला तरी त्याची तुलना होण्याची वेळच येत नाही. बियाण्याच्या बाबतीत हा संच बांधावर आणि आखाजीला ठरतो. दुकानात त्यातून फक्त निवड होते.

तुलना: बेरीज आणि चाळणी

तुलना करताना ग्राहक दोन वेगवेगळ्या पद्धती वापरतो, आणि त्या वेगळ्या आहेत हे लक्षात न आल्यास त्याचा निर्णय विचित्र वाटू लागतो. आप्पांच्या मनात तीन गोष्टी होत्या: बोंडाचा आकार आणि वेचणीची सोय, पीक किती दिवसांत निघते, आणि मावा-तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींपुढे झाड किती टिकते. आपण त्यांच्या बोलण्यावरून पहिल्या गोष्टीला ५, दुसरीला ३ आणि तिसरीला २ असे महत्त्व देऊ आणि प्रत्येक वाणाला प्रत्येक गोष्टीसाठी पाचपैकी गुण देऊ. पहिल्या वाणाला बोंडासाठी ४, कालावधीसाठी ४ आणि किडीसाठी ३ गुण मिळाले, तर एकूण २० अधिक १२ अधिक ६, म्हणजे ३८ होतात. दुसऱ्या वाणाला अनुक्रमे ३, ५ आणि ३ दिले, तर १५ अधिक १५ अधिक ६, म्हणजे ३६ होतात. तिसरे वाण बोंडात ५, कालावधीत २ आणि किडीत ५ असे धरले, तर २५ अधिक ६ अधिक १०, म्हणजे ४१ होतात. बेरजेने तिसरे वाण जिंकते. या पद्धतीत एका बाबतीतली उणीव दुसऱ्या बाबतीतल्या चांगुलपणाने भरून निघते.

आप्पांनी तरीही पहिले वाण घेतले. मामांनी तिसऱ्या वाणाच्या बोंडांची बरीच तारीफ केली होती, कंपनीच्या माणसानेही केली होती, आणि तिचा काहीही उपयोग झाला नाही. कारण साधे होते. आप्पांना कपाशी काढून त्याच जमिनीत हरभरा पेरायचा होता. १५ जूनला लावलेली १५० दिवसांची कपाशी नोव्हेंबरच्या मध्यावर मोकळी होते, तर १७५ दिवसांची डिसेंबरचा पहिला आठवडा गाठते आणि तोवर हरभऱ्याला उशीर होतो. त्यामुळे कालावधीच्या बाबतीत त्यांनी आधी एक चाळणी लावली: जे वाण वेळेत निघत नाही ते बाद, मग त्याचे बोंड नारळाएवढे का असेना. चाळणीतून जी दोन वाणे उरली, त्यांतच त्यांनी बेरीज केली आणि ३८ गुणांचे वाण निवडले. या दुसऱ्या पद्धतीत उणीव कशानेही भरून निघत नाही. खऱ्या आयुष्यातल्या बहुतेक मोठ्या खरेद्यांत ग्राहक आधी चाळणी लावून पर्याय कमी करतो आणि मग उरलेल्यांची सावकाश तुलना करतो. म्हणून ग्राहकाला वस्तूचे गुण सांगण्याआधी त्याची चाळणी कोणती आहे हे विचारणे जास्त उपयोगाचे असते. मामा आता गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ‘कपाशीनंतर काय पेरणार?’ हाच विचारतात.

एक बारकावा इथेच नोंदवायला हवा. या तुलनेत किंमत कुठेच आली नाही. बीटी कपाशीच्या बियाण्याची कमाल विक्री किंमत केंद्र सरकार ठरवते आणि २०२५ च्या हंगामासाठी बीजी-२ प्रकाराच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची ती किंमत ९०१ रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर आप्पांच्या चार एकरांना आठ पाकिटे लागली, म्हणजे ७,२०८ रुपये. जवळजवळ सगळी वाणे याच किमतीच्या आसपास मिळत असल्यामुळे ग्राहकाला किमतीवरून दर्जाचा अंदाज बांधता येत नाही. जो आधार इतर वस्तूंच्या खरेदीत मिळतो, तो इथे काढून घेतलेला आहे, आणि त्यामुळे शेजाऱ्याच्या बांधावरच्या पुराव्याला आणखी महत्त्व येते.

दोन प्रश्न, चार प्रकार

आता प्रकारांकडे वळू. अमेरिकी अभ्यासक हेन्री असाएल यांनी १९८० च्या दशकात केलेली विभागणी आज सर्वाधिक वापरली जाते आणि ती फक्त दोन प्रश्नांवर उभी आहे. या खरेदीत ग्राहकाचे किती पणाला लागले आहे, हा पहिला प्रश्न. बाजारातल्या ब्रँडमध्ये ग्राहकाला किती फरक दिसतो, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नात ‘दिसतो’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण फरक खरोखर आहे की नाही यापेक्षा ग्राहकाला तो जाणवतो की नाही यावर त्याचे वागणे ठरते. पहिल्या प्रश्नातही एक गैरसमज टाळायला हवा. पणाला लागणे म्हणजे फक्त वस्तूची किंमत नव्हे. आप्पांच्या बियाण्याला सात हजार रुपये लागले, पण त्या बियाण्यावर खत, फवारणी, निंदणी, वेचणी आणि वर्षाचे उत्पन्न उभे होते. एकदा पेरले की चूक दुरुस्त करायला त्या हंगामात दुसरी संधी नसते.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘पुष्कळ’ असे आले, की ती गुंतागुंतीची खरेदी. आप्पांची बियाण्याची खरेदी या प्रकारात मोडते. ग्राहक आधी माहिती मिळवतो, तीवरून मत बनवतो आणि मग विकत घेतो.

पणाला थोडेच लागले आहे आणि फरकही दिसत नाही, तेव्हा ती सवयीची खरेदी होते. मीठ आणि काडेपेटी ही त्याची शुद्ध उदाहरणे. इथे क्रम उलटा असतो: वस्तू आधी विकत घेतली जाते आणि तिच्याबद्दल मत बनलेच तर नंतर, वापरताना, बनते. हर्बर्ट क्रुगमन यांनी १९६५ साली दूरचित्रवाणीच्या जाहिरातींबद्दल लिहिताना हीच गोष्ट दाखवली होती, की अशा वस्तूंची जाहिरात माणसाला काहीही पटवून देत नाही, फक्त नाव ओळखीचे करते आणि दुकानात ते ओळखीचे नाव हाताला लागते.

सवय आणि निष्ठा यांत मात्र गल्लत करू नये. दहा वर्षे एकाच नावाची वस्तू घेणारा माणूस त्या नावाशी बांधलेला आहे, असे कंपन्यांना वाटते आणि तिथे त्या फसतात. यासाठी एक सोपी कसोटी आहे, जी कोणत्याही किराणा दुकानात उभे राहून पाहता येते: मागितलेली वस्तू संपली असेल तर गिऱ्हाईक काय करते? आप्पांनी त्या सकाळी नेहमीचे मीठ मागितले, दुकानदाराने ते नाही म्हणून दुसरी पिशवी पुढे केली आणि आप्पांनी ती न पाहता पिशवीत टाकली. ही सवय आहे. चहाच्या बाबतीत मात्र त्यांनी तीच पुडी हवी म्हणून समोरच्या दुकानातून आणली, कारण घरी काकूंना दुसऱ्या चहाचा रंग चालत नाही. ही निष्ठा आहे. दोन्ही वस्तू वर्षानुवर्षे त्याच नावाच्या घेतल्या जातात आणि यादीत एकाखाली एक लिहिलेल्या असतात, तरी एक नाव सहज बदलते आणि दुसरे बदलत नाही.

पणाला पुष्कळ लागले आहे पण फरक दिसत नाही, अशी तिसरी स्थिती असते. जळगावला लग्नाचे दागिने घ्यायला जाणाऱ्या कुटुंबाकडे पाहा. हॉलमार्कमुळे २२ कॅरेटचे सोने एका पेढीवर आणि दुसऱ्या पेढीवर शुद्धतेने सारखेच असते, दिवसाचा भावही जवळजवळ सारखा असतो. त्यामुळे लाखांचा व्यवहार असूनही निवड पुष्कळदा एकाच फेरीत, ओळखीच्या पेढीवर उरकते. चिंता सुरू होते ती घरी परतल्यावर. मावशी विचारते, ‘घडणावळ किती लावली?’ आणि तिच्या मुलीला कमी लागली होती असे कळले, की मन खायला लागते. निर्णय घेतल्यानंतर मनात दोन न जुळणाऱ्या गोष्टी राहिल्या की अस्वस्थता येते आणि माणूस ती कमी करायची धडपड करतो, हा विचार लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडला. या प्रकारच्या खरेदीला म्हणूनच अस्वस्थता कमी करणारी खरेदी म्हणतात. इथे गिऱ्हाइकाला खरी मदत लागते ती विक्रीनंतर: घडणावळ वेगळी दाखवणारी स्पष्ट पावती दिली, तर मावशीच्या प्रश्नाला उत्तर हातात असते.

चौथा प्रकार विविधता शोधणाऱ्या खरेदीचा. पणाला थोडेच, पण फरक भरपूर. शेव-फरसाणाच्या दुकानात या आठवड्यात लसणी शेव आणि पुढच्या आठवड्यात दुसरी घेणारा माणूस पहिल्यावर नाराज झालेला नसतो, त्याला फक्त बदल हवा असतो.

कोष्टक जिथे फसवते

या चौथ्या प्रकाराविषयी मला मुद्दाम सावध करायचे आहे. आप्पांनी आठही पाकिटे एकाच वाणाची घेतली नाहीत. पाच पहिल्या वाणाची घेतली, दोन दुसऱ्याची आणि एक पाकीट अशा नव्या वाणाचे, ज्याचे नाव त्यांनी जावयाकडून ऐकले होते. विक्रीच्या नोंदीत हे अगदी विविधता शोधणाऱ्या ग्राहकासारखे दिसते. एका कंपनीच्या प्रतिनिधीने एकदा आमच्या वहीतल्या अशा नोंदी पाहून ‘तुमच्याकडचे शेतकरी चंचल आहेत’ असे म्हटले होते. हे मत साफ चुकीचे आहे. आप्पा बदलासाठी बदल करत नव्हते. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत, एका वाणावर रोग आला तर दुसरे हाताशी असावे आणि नवे वाण आपल्या मातीत कसे येते हे अर्ध्या एकरात पाहून घ्यावे, हा त्यामागचा हिशेब होता. म्हणजे बाहेरून दिसणारे वागणे विविधतेचे आणि आतले कारण गुंतागुंतीच्या खरेदीचे. ग्राहकाचा प्रकार त्याने किती वेळा काय घेतले यावरून ठरवता येत नाही. त्याच्यासाठी काय पणाला लागले आहे, हे विचारावेच लागते.

खरेदीच्या चौथ्या टप्प्यावरही आराखडा एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे ग्राहक स्वतंत्रपणे निवडतो. मनातला बेत आणि प्रत्यक्ष खरेदी यांच्या मध्ये दुसऱ्यांचे मत आणि अनपेक्षित परिस्थिती या दोन गोष्टी येतात, हे अभ्यासकांनीही मान्य केले आहे. आपल्याकडे त्यांची रूपे ठरलेली आहेत. पाऊस झाला की सगळ्यांना एकाच आठवड्यात बियाणे हवे असते, मागणीतले वाण संपते, काही ठिकाणी ते जादा दराने विकले जाते आणि काही ठिकाणी त्या पाकिटाबरोबर नको असलेले दुसरे उत्पादन गळ्यात मारले जाते. याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात आणि ते बेकायदा आहे. याहूनही खोल परिणाम उधारीचा असतो. जो शेतकरी कापूस विकल्यावर पैसे देणार आहे, तो दुकानदाराने पुढे केलेले वाण सहसा नाकारत नाही. त्याने बांधावर आठ महिने केलेला शोध त्या क्षणी निरुपयोगी ठरतो. अशा खरेदीला ग्राहकाची पसंती म्हणून नोंदवणे हा मोजणाऱ्याचा दोष आहे.

खरेदीनंतर काय शिकायला मिळते

पाचवा टप्पा बियाण्याच्या बाबतीत फार लांब असतो आणि तो सगळ्यात अवघडही आहे. मिठाबद्दलचे मत पहिल्या भाजीत होते. बियाण्याबद्दलचे पहिले मत साधारण आठवड्याभराने, उगवण पाहून होते. जिथे बी उगवले नाही तिथे नांग्या भरल्या जातात, आणि नांग्या फार असतील तर शंका सुरू होते. दुसरे मत बोंडे फुटताना, चार महिन्यांनंतर. या मधल्या काळात ग्राहक आपल्या निवडीला आधार शोधत असतो. अमेरिकेत १९५७ साली नव्या मोटारमालकांचा एक अभ्यास झाला होता आणि त्यात दिसले की माणसे नुकत्याच घेतलेल्या मोटारीच्या जाहिराती इतर मोटारींच्या जाहिरातींपेक्षा जास्त वाचतात. आप्पांनी जुलैमध्ये दुकानात येऊन आपले वाण आणखी कोणी नेले याची चौकशी केली, तेव्हा मला तो अभ्यास आठवला. पेरलेले बी आता बदलता येणार नव्हते. त्यांना हवा होता तो धीर.

मूळ अडचण मात्र याच्याही पुढची आहे. पीक वाईट आले तर दोष कोणाचा? पाऊस खंडला, फवारणी उशिरा झाली, जमीन हलकी होती, गुलाबी बोंडअळी आली की बियाणेच खराब होते? वर्षातून एकच प्रयोग करायचा आणि त्यात पाऊस दरवर्षी वेगळा, अशा स्थितीत स्वतःच्या अनुभवातून वाणाबद्दल खात्रीचे मत बनवणे जवळजवळ अशक्य असते. मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी तेलंगणातल्या वारंगल भागातल्या कपाशी उत्पादकांचा अभ्यास केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात असे दाखवले आहे की तिथे गावागावांत एखाद्या वाणाची लाट येत होती, ती ओसरून दुसऱ्याची येत होती आणि या लाटांना शेतीच्या दृष्टीने ठोस आधार सापडत नव्हता. प्रत्येकजण शेजाऱ्याकडे पाहत होता आणि शेजारी त्याच्याकडे. आपल्या शिवारातही अशी लाट ओळखता येते. दोन-तीन शेतकऱ्यांना वाण का घेतले असे विचारावे. उत्तरात बोंड, दिवस, माती यांचा उल्लेख आला तर त्यामागे तुलना आहे. ‘सगळे तेच लावत आहेत’ एवढेच उत्तर आले, तर गुंतागुंतीच्या खरेदीतले तुलनेचे टप्पे गळून गेले आहेत आणि पणाला लागलेले मात्र तितकेच राहिले आहे.

आप्पांची एक सवय यावर बऱ्याच अंशी तोड ठरते. तिन्ही वाणे ते एकाच शेतात, एकाच आठवड्यात, शेजारशेजारच्या पट्ट्यांत लावतात आणि खत-फवारणी सारखीच करतात, म्हणजे पाऊस आणि माती सगळ्यांना सारखीच मिळते आणि उरतो तो बराचसा वाणाचा फरक. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला ते त्या वाणाचे रिकामे पाकीट काठीला बांधून ठेवतात. एक पाकीट, त्यावरचे लेबल, पावती आणि मूठभर बी घरातल्या पत्र्याच्या डब्यात राहते, कारण उगवणीबाबत तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जायची वेळ आली तर हेच मागितले जाते. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी त्यांच्या शेतावर गेलो, तेव्हा पावसाने रंग उडालेले नव्या वाणाचे पाकीट अजून काठीवर होते आणि बांधावर पलीकडच्या गावचे दोन शेतकरी उभे होते. एकाच्या हातात फुटलेले बोंड होते आणि दुसरा काठीजवळ वाकून पाकिटावरचे नाव वाचत होता.